सर्वांत लहान एनएफए एकच का नसतो, आणि तो शोधणे इतके अवघड का?

प्रश्न: डीएफए लहान करायला हॉपक्रॉफ्टचा अल्गोरिदम आहे, तो झटपट चालतो आणि उत्तर कुणीही काढले तरी एकच येते. मग एनएफएला तसे का जमत नाही? पुस्तकात "पीस्पेस-कम्प्लीट" एवढेच लिहून सोडून दिले आहे. उदाहरण घेऊन कुणी समजावेल का?

उत्तर:

डीएफएत एखाद्या शब्दाचा सुरुवातीचा तुकडा वाचला की आपण नेमक्या एकाच स्टेटमध्ये असतो. त्यामुळे त्या स्टेटचे "भविष्य", म्हणजे तिथून पुढे कोणकोणते तुकडे वाचले तर शब्द स्वीकारला जाईल याचा संच, भाषेनेच ठरवून दिलेला असतो. मायहिल आणि नेरोड यांचे १९५७-५८ चे प्रमेय हेच सांगते: ज्या तुकड्यांची भविष्ये सारखी ते एका स्टेटमध्ये, ज्यांची वेगळी ते वेगळ्या स्टेटमध्ये. इथे निवड करायला जागाच नाही. म्हणून उत्तर एकच, आणि हॉपक्रॉफ्टच्या १९७१ च्या पद्धतीने ते n log n वेळात मिळते.

एनएफएत तोच तुकडा वाचल्यावर आपण एकाच वेळी अनेक स्टेट्समध्ये असू शकतो. भाषा फक्त त्या सगळ्या स्टेट्सच्या भविष्यांचा एकत्रित संच ठरवते. तो संच कुणी किती वाटून घ्यायचा याबद्दल ती काहीच बोलत नाही. ही वाटणी अनेक प्रकारे होते म्हणून सर्वांत लहान एनएफए एकच नसतो. त्यातली सर्वांत किफायतशीर वाटणी शोधायची म्हणून काम अवघड होते. त्यात आणखी एक स्वतंत्र अडचण भर घालते, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी अगदी लहान भाषा घेऊ. अक्षरे तीन: क, ख, ग. भाषेत दोन अक्षरी शब्द, अट एवढीच की दोन्ही अक्षरे वेगळी हवीत. म्हणजे कख, कग, खक, खग, गक, गख असे सहा शब्द. एनएफएला एकच प्रारंभ-स्टेट आहे आणि रिकामी (एप्सिलॉन) ट्रान्झिशन नाहीत असे धरू.

सगळे शब्द दोनच अक्षरांचे असल्यामुळे कामाची प्रत्येक स्टेट एका ठरावीक खोलीवरच असते: सुरुवातीला, एका अक्षरानंतर किंवा दोन अक्षरांनंतर. एकच स्टेट दोन खोल्यांवर वापरायला गेलात तर चुकीच्या लांबीचे शब्द आत शिरतात. म्हणजे एक प्रारंभ, एक शेवट, आणि प्रश्न उरतो तो मधल्या स्टेट्सचा. मधल्या स्टेटमध्ये काही अक्षरांनी येता येते आणि काही अक्षरांनी बाहेर पडता येते. येणारे कोणतेही अक्षर आणि जाणारे कोणतेही अक्षर जोडले की शब्द तयार होतो, म्हणून या दोन गटांत एकही अक्षर सामाईक असता कामा नये. अक्षरे तीनच, तेव्हा एक स्टेट जास्तीत जास्त दोन शब्द सांभाळते: एक येणारे व दोन जाणारी, किंवा दोन येणारी व एक जाणारे. शब्द सहा, म्हणून मधल्या स्टेट्स किमान तीन. एकूण पाच.

पाच स्टेट्समध्ये काम होते, आणि ते दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात क, ख, ग वाचून तीन वेगळ्या स्टेट्समध्ये जायचे आणि तिथून उरलेल्या दोन अक्षरांनी शेवटाकडे. दुसऱ्यात पहिले अक्षर वाचतानाच "दुसरे अक्षर कोणते येणार" याचा अंदाज बांधायचा: क वाचून "ख येणार" किंवा "ग येणार" अशा दोन स्टेट्समध्ये जायचे, आणि तिथून तेवढ्या एकाच अक्षराने शेवट गाठायचा. दोन्हींत पाच स्टेट्स, दोन्हींत नऊ बाण. पण पहिल्यात प्रारंभातून तीन बाण निघतात, दुसऱ्यात सहा, म्हणून स्टेट्सची नावे बदलून एकाचे दुसरे करता येत नाही. तिसरा प्रकार नाही. तीन स्टेट्सनी सहा शब्द सांभाळायचे म्हणजे प्रत्येकीकडे बरोबर दोन शब्द आले आणि एकही शब्द दोघींकडे नको. असा हिशेब मांडला की एका स्टेटचा प्रकार ठरताच उरलेल्या दोघींचा ठरून जातो.

पहिला प्रकार डीएफएच आहे (मृत स्टेट न मोजता). दुसरा त्याचा उलटा: बाण फिरवा, प्रारंभ आणि शेवट यांची अदलाबदल करा. ही भाषा उलटी वाचली तरी तीच राहते, म्हणून दोन्ही चालतात.

इथे एनएफए घेऊन डीएफएपेक्षा फायदा काहीच झाला नाही. अक्षरे सहा केली की खरी गंमत दिसते. क, ख, ग, घ, च, छ, आणि अट तीच. डीएफएला प्रत्येक पहिले अक्षर लक्षात ठेवावे लागते, म्हणून मधल्या सहा आणि एकूण आठ स्टेट्स. एनएफएला मधल्या चारच पुरतात. त्यांना १, २, ३, ४ म्हणू आणि प्रत्येक अक्षराला यातली एक जोडी देऊ:

```
क: 1,2    ख: 1,3    ग: 1,4
घ: 2,3    च: 2,4    छ: 3,4
```

पहिले अक्षर वाचले की त्याच्या जोडीतल्या दोन्ही स्टेट्समध्ये जायचे. दुसरे अक्षर आले की त्याच्या जोडीत *नसलेल्या* स्टेट्समधूनच शेवटाला जाता येते. "कख" घ्या: क वाचून १ आणि २ मध्ये आलो, ख ला २ आणि ४ मधून वाट आहे, म्हणून २ मधून शब्द स्वीकारला गेला. "कक" घ्या: १ आणि २ मध्ये आलो, पण क ला वाट ३ आणि ४ मधून, म्हणून नाकारला. वेगळ्या दोन अक्षरांच्या जोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे पहिल्याच्या जोडीत दुसऱ्याच्या जोडीत नसलेली एक तरी स्टेट सापडतेच. एकूण सहा स्टेट्स, २४ बाण, आणि त्यातला एकही काढता येत नाही.

तीन मधल्या स्टेट्समध्ये का भागत नाही? समजा, क ने पोहोचणाऱ्या सगळ्या स्टेट्समध्ये ख नेही पोहोचता येते. "कख" स्वीकारायचा तर क च्या एखाद्या स्टेटमधून ख ने बाहेर पडता यायला हवे. पण त्याच स्टेटमध्ये ख नेही येता येते, म्हणजे "खख"सुद्धा स्वीकारला गेला. म्हणून कोणत्याही अक्षराचा स्टेट-संच दुसऱ्याच्या संचात पूर्ण सामावलेला नसावा. तीन वस्तूंमधून असे एकमेकांत न सामावणारे संच जास्तीत जास्त तीनच निघतात, चारांमधून सहा. हे स्पर्नरचे १९२८ चे प्रमेय. सहांमधून २० निघतात, म्हणून २० अक्षरांच्या याच भाषेला डीएफएत २२ आणि एनएफएत फक्त ८ स्टेट्स लागतात.

आता असे सहा स्टेट्सचे एनएफए किती? चार वस्तूंमधून सहा संच घ्यायचे तर सगळ्या दोन-दोनच्या जोड्याच घ्याव्या लागतात, दुसरा पर्याय नाही. त्या सहा अक्षरांना वाटण्याचे ७२० प्रकार, आणि १ ते ४ ही नावे कशीही फिरवली तरी ऑटोमॅटन तोच, म्हणून भागिले २४. उरतात ३०. एकाच भाषेचे ३० सर्वांत लहान एनएफए, आणि त्यांतले कोणतेही दोन एकसारखे नाहीत. वरच्या तक्त्यात क आणि छ यांच्या जोड्यांत सामाईक स्टेट नाही. क आणि ख यांच्या जोड्या बदलून पाहा, मग छ शी ते नाते ख चे होते. भाषा तीच, ऑटोमॅटन दुसरा. मोजून पाहायचे असेल तर:

```python
from itertools import product
def ok(S):
    n = range(len(S))
    return all(S[x] & ~S[y] for x in n for y in n if x != y)
for k in (3, 4):
    print(k, sum(ok(S) for S in product(range(2**k), repeat=6)))
```

तीनसाठी ० आणि चारसाठी ७२० छापले जाईल. चारच्या वेळी जरा थांबावे लागते, कारण १ कोटी ६७ लाखांहून अधिक वाटण्या तपासल्या जातात.

याच उदाहरणात डीएफएच्या सवयीने काम करणारा अडकतो कुठे तेही दिसते. आठ स्टेट्सचा डीएफए घ्या आणि स्टेट्स एकत्र करून तो लहान करायचा प्रयत्न करा. क नंतरच्या स्टेटचे भविष्य "क सोडून पाच अक्षरे", ख नंतरच्याचे "ख सोडून पाच". कोणतीही दोन भविष्ये सारखी नाहीत, एक दुसऱ्यात सामावतही नाही. मागच्या बाजूने पाहिले तरी प्रत्येक स्टेटमध्ये वेगळ्याच अक्षराने पोहोचता येते. बायसिम्युलेशन असो की सिम्युलेशन, पुढून लावा की मागून, एकही जोडी जुळणार नाही. जबरदस्तीने क आणि ख च्या स्टेट्स एक केल्यात तर "कक" लगेच आत येतो. तरीही सहा स्टेट्सचा एनएफए अस्तित्वात आहे. त्याच्या मधल्या स्टेट्सची भविष्ये पाचची नाहीत, तीन-तीन अक्षरांची आहेत: स्टेट १ मधून फक्त घ, च, छ जातात. डीएफएच्या कोणत्याही स्टेटचे भविष्य असे नाही. म्हणजे लहान ऑटोमॅटन हा मोठ्याच्या स्टेट्स चिकटवून मिळतच नाही, त्याच्या स्टेट्स नव्याने घडवाव्या लागतात. "आणखी एकत्र करता येत नाही" म्हणजे "सर्वांत लहान झाला" हा निष्कर्ष एनएफएत चुकीचा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक फार आढळते.

मग नव्या स्टेट्स शोधायच्या कुठे? जागा माहीत आहे. कॉनवे यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या फॅक्टरच्या कल्पनेतून प्रत्येक भाषेचा एक "युनिव्हर्सल ऑटोमॅटन" बनतो आणि सर्वांत लहान असलेला प्रत्येक एनएफए त्याच्या आत बसतो. त्याची स्टेट म्हणजे "येणारे" आणि "जाणारे" यांची अशी जोडी की दोन्ही बाजू आणखी वाढवता येत नाहीत. आपल्या भाषेत मधल्या खोलीवर अशी प्रत्येक स्टेट म्हणजे सहा अक्षरांचे दोन गट: इकडची येणारी, उरलेली जाणारी. एकही गट रिकामा नको, म्हणून ६२ स्टेट्स. त्यातून चार निवडायच्या तर ५,५७,८४५ प्रकार, हे संगणक सहज पाहतो. २० अक्षरांना मात्र उमेदवार स्टेट्स १०,४८,५७४ आणि त्यातून सहा निवडायचे प्रकार १ वर ३३ शून्ये या घरात. इथे स्पर्नरचे प्रमेय हाताशी आहे म्हणून आपण सुटलो. अनोळखी भाषेत असे प्रमेय मिळत नाही.

आणि खरोखर सुटकेचा मार्ग नाही, याचा पुरावा याच रचनेत दडला आहे. कोणताही तक्ता घ्या: ओळी म्हणजे पहिली अक्षरे, स्तंभ म्हणजे दुसरी, आणि जिथे खूण तो शब्द भाषेत. मधली प्रत्येक स्टेट म्हणजे काही ओळी आणि काही स्तंभ निवडून मिळणारा, पूर्ण खुणांनी भरलेला आयत (ओळी-स्तंभ लागोपाठ असण्याची गरज नाही). सगळ्या खुणा झाकायला कमीत कमी किती आयत लागतात, त्यात दोन मिळवा, की सर्वांत लहान एनएफएच्या स्टेट्स आल्या. आयतांनी झाकण्याचा हा प्रश्न एनपी-कम्प्लीट असल्याचे ऑर्लिन यांनी १९७७ मध्ये दाखवले. म्हणजे सगळे शब्द दोन अक्षरी आहेत, भाषा मर्यादित आहे, शब्दांची यादी हातात आहे, एवढ्या सोप्या परिस्थितीतही झटपट पद्धत सापडली तर पी आणि एनपी एकच ठरतील.

पण इथे एक सोय होती: कुणी सहा स्टेट्सचा एनएफए पुढे ठेवला तर तो बरोबर आहे की नाही हे लगेच तपासता येत होते. भाषा अमर्याद झाली की ती सोयही जाते. ही दुसरी अडचण, आणि पीस्पेस, म्हणजे बेताच्या मेमरीत पण हवा तितका वेळ घेऊन सुटणारे प्रश्न, येते ती इथून.

सर्वांत टोकाचा प्रश्न घेऊ: दिलेल्या एनएफएला एका स्टेटचा समतुल्य एनएफए आहे का? एका स्टेटमध्ये फार काही मावत नाही. तो एक तर काहीच स्वीकारत नाही, किंवा काही ठरावीक अक्षरांचे सगळे शब्द स्वीकारतो. दिलेला एनएफए रिकामा शब्द आणि प्रत्येक सुटे अक्षर स्वीकारतो की नाही हे आधी पाहा, ते सोपे आहे. स्वीकारत असेल तर उरतो एकच प्रश्न: तो *सगळेच* शब्द स्वीकारतो का? मेयर आणि स्टॉकमेयर यांनी १९७२ पासूनच्या कामात दाखवले की हा प्रश्न पीस्पेस-कम्प्लीट आहे. म्हणजे एकच स्टेट इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या ठिकाणीच सगळा भार येऊन पडतो.

हा प्रश्न अवघड का, ते दोन पायऱ्यांत. s घरांची मेमरी वापरणाऱ्या एखाद्या मशीनची संपूर्ण वाटचाल एका लांब शब्दात लिहा: प्रत्येक क्षणाची मेमरी ही एक ओळ, ओळींमध्ये # चिन्ह. आता असा एनएफए बनवा जो *चुकलेली* वाटचाल स्वीकारतो. चूक पकडायला एनएफए फार चांगला, कारण तो चुकीची जागा अंदाजाने गाठतो: तीन शेजारची घरे लक्षात ठेवतो, साधारण s घरे मोजत पुढच्या ओळीतल्या त्याच जागी जातो आणि तिथले चिन्ह नियमाला धरून नाही एवढे पाहतो. सुरुवात चुकीची असेल किंवा शेवट "होकार" नसेल तर तेही पकडतो. स्टेट्स लागतात s च्या पटीत. हा एनएफए सगळे शब्द स्वीकारतो याचा अर्थ बिनचूक होकारार्थी वाटचाल नाहीच, म्हणजे मशीन होकार देत नाही. एकूण, एनएफए तपासणे म्हणजे ते मशीन चालवून पाहणेच.

दुसरी पायरी ही की नाकारला जाणारा पहिला शब्द फार दूर असू शकतो. एकच अक्षर घ्या आणि २, ३, ५, ७, ११, १३ लांबीची सहा चक्रे बनवा. प्रत्येक चक्रात शून्य क्रमांकाची स्टेट सोडून बाकी सगळ्या स्वीकारणाऱ्या. प्रारंभ-स्टेट वेगळी आणि तीही स्वीकारणारी, तिथून पहिल्या अक्षराने प्रत्येक चक्राच्या एक क्रमांकावर उडी. एकूण स्टेट्स ४२. शब्द नाकारला जायचा तर लांबीला सहाही संख्यांनी भाग जायला हवा, म्हणजे नाकारला जाणारा पहिला शब्द ३०,०३० अक्षरांचा. त्याआधीचे सगळे शब्द पाहून हा एका स्टेटचा ऑटोमॅटन वाटेल. म्हणून "दहा हजार यादृच्छिक शब्दांवर दोन्ही ऑटोमॅटन जुळले" या चाचणीने दोन एनएफए समतुल्य ठरत नाहीत.

वरची सीमाही तीच आहे. k स्टेट्सचा एनएफए अंदाजाने लिहा, आणि दोन्ही ऑटोमॅटन एकेक अक्षराने पुढे नेत, प्रत्येकात सध्या कोणत्या स्टेट्स चालू आहेत एवढेच लक्षात ठेवत, ते कुठे वेगळे होतात का ते पाहा. मेमरी थोडीच लागते, वेळ मात्र प्रचंड. सॅव्हिच यांच्या १९७० च्या प्रमेयामुळे अंदाज बांधण्याची मुभा काढून घेतली तरी हे पीस्पेसमध्येच राहते. सुरुवातीला हातात डीएफए असला तरी सुटका नाही, हे जियांग आणि रविकुमार यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. डीएफए असल्यावर तपासणीची एक बाजू सोपी होते (एनएफएचे सगळे शब्द डीएफएत आहेत का), उलटी बाजू अवघडच राहते. "अगदी सर्वांत लहान नको, जवळपासचा चालेल" असे म्हणणाऱ्यांसाठीही वाईट बातमी आहे: ग्रामलिश आणि श्निटगर यांनी दाखवले की n स्टेट्सचा एनएफए दिला असता उत्तर n पेक्षा लक्षणीय लहान पटीच्या आत आणण्याची हमी देणारी झटपट पद्धत नाही, पी आणि पीस्पेस एकच निघाले तर गोष्ट वेगळी.

प्रत्यक्षात मग काय करायचे? मोठ्या ऑटोमॅटनवर सिम्युलेशनने एकत्रीकरण करा, अनावश्यक बाण छाटा आणि मिळेल त्यावर समाधान माना, फक्त त्याला "मिनिमल" म्हणू नका. दहा-बारा स्टेट्सच्या आतले काम असेल आणि नेमके उत्तर हवेच असेल तर सॅट सॉल्व्हरला k ठरवून विचारा: k वर होकार आणि k − १ वर नकार आला की झाले. पण एनएफएचे बाण सरसकट चले म्हणून देऊ नका. सहा स्टेट्स आणि सहा अक्षरे म्हणजे २१६ संभाव्य बाण, शिवाय समतुल्यतेची अट लिहिणे वेगळेच. भाषेची रचना वापरली, जसे वर खोली वापरली, तर मधल्या तीन स्टेट्ससाठी ३६ चलांत भागते.

खालची सीमा सिद्ध करायला बहुतेक जण फूलिंग सेट वापरतात: शब्दांच्या अशा फोडी जमवायच्या की प्रत्येक फोड स्वतः भाषेत आहे, पण कोणत्याही दोन फोडींच्या मागच्या बाजू अदलाबदल केल्या की निदान एक शब्द भाषेबाहेर जातो. जितक्या फोडी तितक्या स्टेट्स किमान लागतात. वापरायला सोपे आहे, पण त्यावर विसंबू नका. आपल्या भाषेत मधल्या खोलीवर क|ख, ख|ग, ग|क या तीन फोडी मिळतात, चौथी कधीच बसत नाही, अक्षरे कितीही असोत. प्रारंभ आणि शेवट धरून ही पद्धत नेहमी "किमान ५" एवढेच सांगते. सहा अक्षरांना खरे उत्तर ६ आहे, वीस अक्षरांना ८. तेव्हा तुमच्या एनएफएच्या स्टेट्स आणि फूलिंग सेट यांत तफावत दिसली तर ऑटोमॅटन मोठा आहे की सीमा सैल आहे, हे त्या तफावतीवरून कळत नाही. वरच्यासारखा संचांचा युक्तिवाद जमतो का पाहा, नाही तर सॉल्व्हरकडून k − १ चा नकार मिळवा.